चेटकिणींचे खटले चालवले कुणी, आणि पकडलं कुणाला?

«मध्ययुगात चर्चने ९० लाख बायकांना चेटकिणी ठरवून जिवंत जाळलं. त्या सगळ्या वैदू आणि सुइणी होत्या, त्यांचं औषधांचं ज्ञान चर्चला संपवायचं होतं.»

काळ आणि आकडा आधी. या खटल्यांचा जोर साधारण १५६० ते १६३० या वर्षांत होता. तेव्हा छापखाना येऊन शंभर वर्षं उलटली होती, मध्ययुग सरलं होतं. ९० लाखांचा उगम १७८४ मधला. जर्मनीतल्या क्वेडलिनबर्ग गावच्या गोटफ्रीड फोइग्ट यांनी गावच्या दप्तरातले मोजके खटले धरले, तेच प्रमाण अख्ख्या युरोपला आणि कित्येक शतकांना लावलं आणि ९४,४२,९९४ हा आकडा काढला. ठिकठिकाणची दप्तरं चाळून इतिहासकारांनी बांधलेला अंदाज ४० ते ६० हजार मृत्युदंडांचा आहे. सगळ्यांना जिवंत जाळलं हेही खरं नाही. इंग्लंडमध्ये फाशी देत, स्कॉटलंडमध्ये बहुधा आधी गळा आवळत आणि मग जाळत.

खरा घोळ ‘चर्चने’ या शब्दात आहे. धर्मन्यायालय पाखंड तपासायचं. करणी करून माणूस किंवा गुरं मारणं हा मात्र खुनासारखा फौजदारी गुन्हा होता, आणि बहुतेक मृत्युदंड राजाच्या, नगराच्या किंवा जहागिरीच्या न्यायालयांनी दिले. जर्मन साम्राज्याच्या १५३२ च्या ‘कॅरोलिना’ संहितेचं १०९ वं कलम सांगतं: चेटकाने नुकसान केलं असेल तर जाळून मृत्यू, नुकसान नसेल तर शिक्षा परिस्थिती पाहून. यातना देण्याआधी पुरावा हवा, उत्तर सुचवणारे प्रश्न विचारू नयेत, कबुली नंतर यातनांशिवाय पुन्हा घ्यावी, असंही त्यात होतं.

हे नियम जर्मनीतल्या बांबेर्ग शहरात धाब्यावर बसवले गेले. तिथला माजी महापौर योहानेस युनियुस १६२८ मध्ये पकडला गेला, कारण आधीच्या आरोपींनी छळाखाली त्याचं नाव घेतलं होतं. त्याची बायको आधीच मारली गेली होती. अंगठे आणि पाय स्क्रूत आवळले, हात मागे बांधून दोराने आठ वेळा वर ओढलं. शेवटी ‘काहीतरी रचून सांगा, हे तुम्हाला सोसणार नाही’ अशी विनवणी छळ करणाऱ्या जल्लादानेच केली. युनियुसने गोष्ट रचली. मग सोबती कोण, असं विचारलं. नावं सुचेनात तेव्हा त्याला शहरातल्या एकेका रस्त्याची आठवण करून देत, तिथे कोण राहतं ते वदवून घेतलं. हे सगळं त्याने चोरून बाहेर पाठवलेल्या पत्रात मुलीला, वेरोनिकाला, कळवलं आहे. कबुलीतून नावं आणि नावांतून नव्या अटका, असं हे चक्र होतं.

बांबेर्गचा शासक बिशप होता, हे खरंच. पण तो त्या मुलखाचा राजाही होता, आणि खटला चालवणारं मंडळ त्याच्या राजसत्तेचं होतं. म्हणून चर्च निर्दोष ठरत नाही. सैतानाशी कराराची कल्पना धर्मशास्त्र्यांनीच घडवली, आणि बांबेर्गमध्ये ती उपबिशपाने प्रवचनांतून पेटती ठेवली.

याउलट स्पेनचं धर्मन्यायालय, म्हणजे स्पॅनिश इन्क्विझिशन, पाहा. गोव्यातल्या इन्क्विझिशनमुळे हे नाव ऐकताच आपल्यासमोर चिता उभी राहते. १६१० मध्ये लोग्रोन्योला सहा जणांना जाळलं, तुरुंगात मेलेल्या पाच जणांच्या प्रतिमा जाळल्या. पण पुढच्या वर्षी तिथलाच एक न्यायाधीश, अलोन्सो दे सालासार, बास्क गावांत फिरला आणि त्याने १,८०२ जणांची जबानी घेतली. त्यांतली १,३८४ मुलं होती. चेटकिणींचा मेळा भरतो ती जागा कुठे, तिथे कसं जाता, हे त्याने एकेकट्याला विचारलं, उत्तरं जुळेनात. ‘चेटकाची मलमं’ तपासली, ती बनावट निघाली. १६१४ मध्ये वरिष्ठ मंडळाने पुराव्याचे नियम कडक केले, आणि त्यानंतर या इन्क्विझिशनकडून चेटकासाठी मृत्युदंड जवळपास थांबले. स्पेनच्याच कॅटलोनियात मात्र स्थानिक न्यायालयं त्यानंतरही माणसं फासावर चढवत राहिली.

आता आरोपी कोण? एकूण मृतांत सुमारे तीन चतुर्थांश बायका, पण प्रदेशागणिक चित्र फिरतं. आइसलंडमध्ये मारलेले जवळजवळ सगळे पुरुष होते, नॉर्मंडीत मेंढपाळ पुरुषांवर संशय जास्त. नेहमीची आरोपी म्हणजे वयस्कर, गरीब, शेजाऱ्यांशी भांडण असलेली बाई. दारात दूध मागितलं, नकार मिळाला, ती पुटपुटत गेली, आठवड्याने गाय मेली. अशी कुजबुज दहा-वीस वर्षं साचायची, मग तक्रार व्हायची. तक्रार करणाऱ्यांत शेजारच्या बायकाही असत.

औषध देणाऱ्या काहींवर खटले झाले, उपाय उलटला की विशेष. पण गावोगावचे जाणते हे अनेकदा ‘करणी कुणाची’ हे सांगणारेच असत. आणि सुईण दप्तरात अनेकदा भेटते ती आरोपीच्या अंगावर सैतानाची खूण शोधायला न्यायालयाने बोलावलेली म्हणून.