घोळणा फुटल्यावर मान मागे? एका प्रतिक्रियेला उत्तर

शारीरिक शिक्षणाच्या तासाला वरच्या वर्गांना प्रथमोपचार शिकवावेत, असं मी म्हटलं होतं. त्यावर आलेली ही प्रतिक्रिया:

«सर, शारीरिक शिक्षणाचा तास खेळायला असतो. घोळणा फुटला तर मान मागे करून डोक्यावर पाणी मारायचं, एवढं सगळ्यांना येतं. त्यासाठी वरच्या वर्गांचे तास कशाला घालवायचे? उद्या एखाद्या मुलाने मित्राचा मुरगळलेला पाय चोळून बिघडवला तर जबाबदार कोण? मैदानावर घाम गाळायचा कंटाळा आला की असले विषय सुचतात.»

तुमचा विरोध मला चालतो, टोमणा चालत नाही. मी कुठे घाम गाळतो हे तुम्ही पाहिलेलं नाही. माझं अर्धं आयुष्य गळ्यात शिट्टी अडकवून उन्हात गेलं आहे, तेव्हा कंटाळ्याचं वाक्य तुम्ही टाळलं असतं तर बरं झालं असतं.

खेळाचा वेळ कापला जाऊ नये, हे मान्य. म्हणूनच मी हा भाग फळ्यावर शिकवत नाही. तासाच्या शेवटी, मुलं दमून बसलेली असतात तेव्हा, मैदानातच जोड्या करून करवून घेतो.

आता तुमचं «एवढं सगळ्यांना येतं». सगळ्यांना जे येतं तेच चुकीचं आहे, म्हणून तर शिकवावं लागतं. नाकाच्या दोन पुड्यांमधल्या पडद्यावर, अगदी पुढच्या बाजूला, बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. बहुतेक वेळा रक्त तिथूनच येतं. मान मागे टाकली तरी ते थांबत नाही, फक्त दिसायचं बंद होतं आणि घशात उतरतं. गिळलेल्या रक्ताने मळमळतं, उलटी होते आणि श्वासनलिकेत गेलं तर ठसका लागतो. डोक्यावर ओतलेल्या पाण्याने त्या रक्तवाहिनीवर कसलाच दाब पडत नाही. शाळेत असताना माझ्या नाकावर चेंडू बसला, तेव्हा मोठ्यांनी मला असंच उताणं झोपवलं होतं. थोड्या वेळाने लाल उलटी झाली आणि मला झोपवणारेच सगळ्यात जास्त घाबरले. तेव्हा हे «सगळ्यांना येणारं» ज्ञान मी अंगावर घेतलेलं आहे, मला ते सांगू नका.

मागच्या हंगामात सरावाच्या सामन्यात अकरावीच्या एका मुलाच्या नाकाला कोपर लागलं. त्याच्याच वर्गातल्या मुलीने त्याला खाली बसवलं, किंचित पुढे वाकवलं आणि स्वतःच्याच हाताने नाक दाबायला सांगितलं, म्हणजे तिचा हात रक्ताला लागला नाही. त्याने आधी वरचं हाड धरलं. निम्म्या मुलांचं इथेच चुकतं, कारण हाड दाबून आतलं काहीच दाबलं जात नाही. तिने त्याला बोटं हाडावरून खाली सरकवायला लावली, जिथे नाक मऊ लागतं तिथपर्यंत, आणि दोन्ही पुड्या एकमेकींना चिकटतील अशा धरायला सांगितल्या. श्वास तोंडाने घ्यायचा, तोंडात आलेलं रक्त गिळायचं नाही, थुंकायचं.

मग घड्याळ लावून सलग 10 मिनिटं. दुसरी चूक या वेळात होते. थांबलं का बघायला मुलं दर मिनिटाला बोटं काढतात, आणि धरत आलेली गुठळी सुटते. त्या मुलानेही चौथ्या मिनिटाला हात काढायला घेतला, तिने काढू दिला नाही. 10 मिनिटांनंतरही थोडं झिरपत होतं, म्हणून पुन्हा 10 मिनिटं दाबलं, तेव्हा थांबलं. त्याला लगेच खेळायचं होतं. तिने नाही म्हटलं, आणि आज नाक शिंकरायचं नाही हेही बजावलं.

यानंतर मी पाहिलं ते असं: नाक वाकडं झालंय का, आणि नाकातून पाण्यासारखं पातळ काही येतंय का. तसं येत असेल तर डोक्याला मार असू शकतो, लगेच दवाखाना गाठायचा. तिसरी गोष्ट घरच्यांनाही सांगितली. मार लागल्यावर नाक दोन्हीकडून बंद व्हायला लागलं आणि दुखणं वाढत गेलं, तर पडद्याच्या आवरणाखाली रक्त साठलेलं असू शकतं. आतल्या कूर्चेचा रक्तपुरवठा त्याने तुटतो आणि नाक कायमचं बसू शकतं. बाहेरचं रक्त थांबलं म्हणून इथे गप्प बसायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. आणि नीट दाबूनही अर्ध्या तासात रक्त थांबलं नाही, तर पुढचं काम आपलं नव्हेच. हे कधी सोडायचं ते मुलांना कळावं, यासाठीही हा भाग शिकवायचा असतो.

मुरगळलेल्या पायाचं उत्तर एका ओळीचं आहे: चोळू नये हेच आम्ही शिकवतो, आणि चार पावलं टाकता येत नसतील तर चालवायचंही नाही. जबाबदारीचा प्रश्न न शिकवणाऱ्यालाही विचारा. पुढच्या वेळी मुद्द्यावर लिहिलंत तर उत्तर देईन. माझ्या घामाचा हिशेब मागितलात तर देणार नाही.