अपडेट अडकला म्हणून प्लेस्टेशन ४ ची वायर काढू नका

“PS4 अपडेट होताना दहा मिनिटं एकाच टक्क्यावर अडकला की समजा हँग झाला, सरळ वायर काढा. मग सेफ मोडमध्ये जाऊन थेट ७ नंबर करा, सेव्ह कुठं जात नाहीत, अकाउंटलाच असतात. फाईल कुठलीही चालते, जुन्या व्हर्जनची मिळाली तर उत्तमच. आणि निळा लाइट लुकलुकत राहिला तर मदरबोर्ड गेला, पैसे घालवू नका.”

या संदेशातले प्रत्येक वाक्य चुकीचे आहे, आणि त्यातले दुसरे वाक्य कोणाच्या तरी अनेक वर्षांच्या खेळाची नोंद कायमची पुसू शकते. म्हणून एकेका मुद्द्याला उत्तर देतो.

पहिला मुद्दा वायर काढण्याचा. अपडेटचे दोन टप्पे असतात आणि दोन्हींमधला धोका सारखा नसतो, हे आधी लक्षात घ्यायला हवे. पहिल्या टप्प्यात फाईल नुसती डाउनलोड होत असते. ती हार्ड डिस्कवर एका बाजूला साठत जाते आणि चालू असलेल्या सिस्टिमला तिचा स्पर्शही झालेला नसतो. येथे टक्का हलत नसेल तर दोष बहुधा इंटरनेटचा असतो. अशा वेळी Notifications मधील Downloads मध्ये जाऊन, अडकलेल्या नोंदीवर OPTIONS बटण दाबून ती काढून टाकावी आणि डाउनलोड नव्याने सुरू करावे. वीज बंद करण्याची काही गरज नाही. दुसऱ्या टप्प्यात कन्सोल स्वतःहून रीस्टार्ट होतो, काळ्या पडद्यावर प्रगतीची पट्टी येते आणि सिस्टिमच्या फायली खरोखर बदलल्या जाऊ लागतात. या टप्प्यात पट्टी समान वेगाने सरकत नाही. काही टक्के झरझर जातात, काही ठिकाणी ती बराच वेळ थांबते, आणि मध्येच पडदा काही क्षण पूर्ण काळाही होतो. जुन्या, भरत आलेल्या डिस्कवर हे थांबणे आणखी लांबते. त्यामुळे दहा मिनिटे हा निकष धरता येत नाही. पट्टी जागची हलत नसेल तर मी स्वतः किमान एक तास थांबतो, आणि तेवढ्या वेळात कन्सोलला हातही लावत नाही.

तासाभरानंतरही काहीच हालचाल नसेल, तरीही वायर ओढू नये. पुढचे पॉवर बटण दाबून धरावे. सुमारे सात सेकंदांनी दुसरी बीप ऐकू येते आणि कन्सोल बंद होतो. दिवा पूर्ण विझल्याची खात्री झाल्यावरच प्लग काढावा. बंद करण्याचा हा मार्गही जबरदस्तीचाच आहे आणि तो पूर्ण निर्धोक आहे असे मी म्हणणार नाही, पण फिरत असलेल्या डिस्कचा वीजपुरवठा एकाएकी तोडण्यापेक्षा तो नक्कीच बरा. पावसाळ्यात आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नसतो, तेव्हा ज्यांच्याकडे इन्व्हर्टर किंवा यूपीएस आहे त्यांनी अपडेट त्यावरच करावा.

आता सर्वांत घातक मुद्दा, सेफ मोडमधल्या सातव्या पर्यायाचा. सेफ मोड म्हणजे सिस्टिम नेहमीसारखी सुरू न होता फक्त दुरुस्तीचे पर्याय समोर येतात ती अवस्था. बंद असलेल्या कन्सोलचे पॉवर बटण दाबून धरले की पहिली बीप लगेच येते आणि दुसरी सुमारे सात सेकंदांनी. दुसऱ्या बीपला बोट उचलायचे, कंट्रोलर यूएसबी वायरने जोडायचा (येथे ब्लूटूथ चालत नाही) आणि त्यावरचे PS बटण दाबायचे. समोर सात पर्यायांची यादी येते. ती साधारणपणे सौम्य उपायाकडून कठोर उपायाकडे जाते आणि सातवा पर्याय हा शेवटचा आहे. Initialize PS4 (Reinstall System Software) म्हणजे डिस्क पूर्ण पुसून सिस्टिम नव्याने बसवणे. गेम, वापरकर्ते, स्क्रीनशॉट आणि सेव्ह, सगळे जाते. गेम खात्यावर खरेदी केलेले असतील तर पुन्हा डाउनलोड होतात, हे खरे. ट्रॉफी आधी सिंक झाल्या असतील तर त्याही परत दिसतात. सेव्हची गोष्ट मात्र वेगळी आहे. ते ऑनलाइन साठवण्याची सोय PlayStation Plus च्या सभासदांनाच मिळते. ज्यांचे सभासदत्व नाही त्यांचे सेव्ह फक्त त्या डिस्कवर असतात आणि डिस्कबरोबर पुसले जातात. सेफ मोडमध्ये सेव्ह पेनड्राइव्हवर उतरवून घेण्याचा पर्यायही नाही. ते काम कन्सोल सुरू होत असतानाच, Settings मधील Application Saved Data Management मधून करून ठेवावे लागते, आणि मोठ्या अपडेटच्या आधी ते कराच.

मग योग्य क्रम कोणता? आधी पहिला पर्याय, म्हणजे साधा रीस्टार्ट. अनेकदा अर्धवट राहिलेला अपडेट तेवढ्यानेच पुन्हा सुरू होतो. तो झाला नाही तर तिसरा पर्याय, Update System Software, आणि तोही पेनड्राइव्हवरून, म्हणजे इंटरनेटच्या कटकटीचा प्रश्नच उरत नाही. यात सिस्टिमच्या फायली पुन्हा लिहिल्या जातात, तुमच्या माहितीला धक्का लागत नाही. सिस्टिम सुरू होऊन खेळ सापडत नसतील किंवा सगळे फार संथ झाले असेल तर पाचवा पर्याय, Rebuild Database. हा डिस्कवरील सामग्रीची यादी नव्याने तयार करतो, काही पुसत नाही, पण मोठ्या डिस्कवर काही तास घेऊ शकतो. हे सर्व करून हात टेकले, तरच सातव्याचा विचार करावा.

तिसरा मुद्दा फाईलचा. फाईल सोनीच्या प्लेस्टेशन संकेतस्थळावरूनच घ्यावी. तिच्यावर सोनीची डिजिटल सही असते आणि कन्सोल ती तपासतो, त्यामुळे फेरफार केलेली किंवा अर्धवट उतरलेली फाईल तो स्वीकारत नाही. जुन्या व्हर्जनबद्दल तर कन्सोल पडद्यावर स्वतःच सांगतो की अमुक क्रमांकाची किंवा त्यापुढची फाईल हवी. मागे जाण्याची वाट मुद्दाम बंद ठेवलेली आहे. येथे लोक सर्वाधिक अडखळतात ते एका वेगळ्याच कारणाने. संकेतस्थळावर दोन फायली असतात: अपडेटची, जी अर्ध्या जीबीच्या आसपास असते, आणि संपूर्ण पुनर्स्थापनेची, जी एक जीबीहून मोठी असते. दोन्हींचे नाव अक्षरशः एकच आहे. तिसऱ्या पर्यायासाठी लहान फाईल आणि सातव्यासाठी मोठी, हे आकार पाहूनच ओळखावे लागते. पेनड्राइव्ह FAT32 किंवा exFAT मध्ये फॉरमॅट केलेला हवा, कारण NTFS कन्सोलला वाचता येत नाही. फोल्डर आणि नावे मोठ्या अक्षरांत, अशी:

```
PS4/UPDATE/PS4UPDATE.PUP
```

माझ्या मावसभावाच्या कन्सोलचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. अपडेटची पट्टी निम्म्याच्या पुढे असताना वीज गेली. वीज आल्यावर कन्सोलचा दिवा निळा लुकलुकत राहिला आणि टीव्हीवर काहीच येईना. दुरुस्तीच्या एका दुकानात त्याला बोर्ड बदलावा लागेल असे सांगितले गेले. मी पाहिले तेव्हा दुसरी बीप व्यवस्थित येत होती आणि सेफ मोडची यादीही दिसत होती. तिसरा पर्याय निवडला, तर फाईल सापडत नाही असा संदेश आला. पेनड्राइव्ह लॅपटॉपला लावला तेव्हा कारण कळले: त्याने फाईल दोनदा उतरवली होती आणि ब्राउझरने दुसऱ्या फाईलचे नाव PS4UPDATE (1).PUP असे केले होते. कंस आणि आकडा काढून फाईल योग्य फोल्डरमध्ये ठेवली, तिसरा पर्याय पुन्हा चालवला, आणि कन्सोल नेहमीच्या पडद्यावर आला. त्याचे सगळे सेव्ह जागच्या जागी होते. त्या दिवशी कोणी त्याला थेट सातवा पर्याय करायला लावले असते तर त्याची चार वर्षांची प्रगती गेली असती, कारण त्याच्याकडे सभासदत्व नव्हते.

यातच चौथ्या मुद्द्याचे उत्तर आहे. निळा लुकलुकणारा दिवा म्हणजे कन्सोल सुरू होण्याच्या प्रयत्नात आहे. तो पांढरा झाला की सुरू झाला असे समजायचे. सुरू होणे मध्येच थांबण्याची कारणे अनेक असतात आणि बिघडलेली सिस्टिम हे त्यांपैकी एक. तिच्या बऱ्याचशा फायली हार्ड डिस्कवर असतात, पण सेफ मोड बोर्डवरील स्वतंत्र फ्लॅश चिपमधून चालतो. याचा पुरावा रोज पाहायला मिळतो: प्लेस्टेशन ४ मध्ये पूर्ण कोरी डिस्क बसवली तरी कन्सोल सेफ मोडमध्ये येतो आणि पुनर्स्थापनेची फाईल मागतो. डिस्कवरील सिस्टिम खराब झाली म्हणून कन्सोल मेला असे होत नाही, ते यामुळेच.

अपडेट प्रत्येक वेळी त्याच टक्क्यावर अडत असेल, डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, किंवा CE-34335-8 हा कोड दिसत असेल, तर संशय आधी डिस्कवर घ्यावा, कारण त्या कोडचा अर्थच कन्सोलला डिस्कपर्यंत पोहोचता येत नाही असा आहे. २.५ इंची, साडेनऊ मिलिमीटरपेक्षा जाड नसलेली, किमान १६० जीबीची सॅटा डिस्क घरीही बदलता येते, आणि सातवा पर्याय मोठ्या फाईलसह वापरण्याची खरी जागा हीच आहे, कारण नव्या डिस्कवर पुसले जाण्यासारखे काही नसते. जुनी डिस्क मात्र फेकू नये. नव्या डिस्कनेही अपडेट अडला तर दोष डिस्कचा नव्हता हे कळते आणि जुनी परत बसवून पाहता येते. प्लेस्टेशन ५ ला हा मार्ग नाही, कारण त्यातील मूळ एसएसडी बोर्डवरच सोल्डर केलेली असते. सेफ मोड आणि पेनड्राइव्हचा क्रम तेथेही तोच आहे, फक्त फोल्डर PS5 आणि फाईल PS5UPDATE.PUP.

बोर्डच बिघडल्याची शक्यता मी नाकारत नाही. अपडेटमधील काही भाग त्या फ्लॅश चिपमध्येही लिहिला जातो, आणि नेमक्या त्या क्षणी वीज गेली तर सेफ मोडही हाती न लागण्याची वेळ येऊ शकते. दुसरी बीपच येत नसेल, किंवा सेफ मोड येऊनही चांगल्या नव्या डिस्कवर, नीट उतरवलेल्या मोठ्या फाईलने पुनर्स्थापना पुन्हा पुन्हा अपुरी राहत असेल, तर घरचे उपाय तेथे थांबवून कन्सोल अधिकृत सेवा केंद्रात द्यावा आणि आपण कोणते पर्याय कोणत्या क्रमाने करून पाहिले, पडद्यावर कोणते कोड आले, हे कागदावर लिहून सोबत द्यावे.