ट्यूबलाइटसमोर धरलेला सीटी

रात्री साडेदहाला खालच्या मजल्यावरच्या मुलाचा व्हॉट्सअ‍ॅप आला. "काकू, बाबांच्या डोक्याचा सीटी काढलाय, रिपोर्ट उद्या मिळणार. रक्तस्राव नाही ना, तेवढं बघून सांगा." सोबत फोटो. परळच्या आमच्या चाळीतली ट्यूबलाइट, तिच्यासमोर धरलेली फिल्म, मधोमध पांढराशुभ्र पट्टा आणि कोपऱ्यात त्याचा अंगठा.

मी रेडिओलॉजिस्ट आहे. तरी "यावरून नाही सांगता येत" म्हटलं की लोकांना वाटतं, काकू भाव खातायत.

त्या फिल्मवर तीस चित्रं होती, पाच रांगा आणि प्रत्येक रांगेत सहा. सीटीचं एक मूळ चित्र ५१२ बाय ५१२ ठिपक्यांचं असतं. व्हॉट्सअ‍ॅपने आकसून पाठवलेल्या फोटोची लांब बाजू होती १६०० ठिपके. ते सहा चित्रांत वाटले तर एकेकाच्या वाट्याला जेमतेम २६६ येतात. म्हणजे आडवा निम्मा आणि उभाही निम्माच तपशील. एकूण पावच उरला. बोटांनी फोटो मोठा केला तर उरलेले ठिपकेच मोठे होतात.

बाबा चौऱ्याहत्तर वर्षांचे. तीन आठवड्यांपूर्वी मोरीत पडले होते आणि दोन दिवसांपासून सारखे झोपून होते. मेंदू आणि कवटीच्या मध्ये साचलेलं रक्त ताजं असताना सीटीवर पांढरं दिसतं, महिन्याभराने काळपट. मधल्या काळात ते मेंदूच्याच करड्या रंगात मिसळून जातं. दोन्ही बाजूंना सारखं साचलं, तर मेंदू एकीकडे सरकलेलाही दिसत नाही. मग खूण एकच: म्हाताऱ्या माणसाच्या मेंदूवरच्या खाचा रुंद, कवटीपर्यंत गेलेल्या दिसायला हव्यात. त्या मध्येच थांबल्या आणि मेंदू तरण्याबांड पोरासारखा भरलेला दिसला, की शंका घ्यायची.

पण फोटो दाबून लहान करताना आधी जातात त्या असल्याच बारीक खाचा. निरोगी आजोबांचा मेंदूही त्यात तसाच गुळगुळीत दिसला असता. शिवाय पट्टा नेमका डोक्याच्या वरच्या भागाच्या चित्रांवर, जिथे मला बघायचं होतं.

मी त्याला फोटोबद्दल काहीच सांगितलं नाही. "बाबा झोपाळलेत ना? मग आत्ताच अपघात विभागात घेऊन जा आणि सेंटरमधून सीडी घे," म्हटलं. फिल्मवर करड्या छटा एकदाच गोठवलेल्या असतात. सीडीवरच्या मूळ चित्रांत त्या हव्या तशा ताणता येतात.

तासाभराने सीडी लावली. छटा ताणल्यावर दोन्ही बाजूंना चंद्रकोरीसारखे थर दिसले, खाचा त्यांच्यापाशी अडलेल्या.

सर्जननी पहिलं विचारलं ते, जाड थर कुठल्या बाजूला? सीटीत रुग्णाची उजवी बाजू आपल्या डावीकडे येते. फिल्म पारदर्शक, उलटी धरली की सगळंच उलटं, आणि छातीत हृदयावरून कळतं तसं डोक्यात कशावरून कळणार? त्यासाठी कडेला अक्षर छापलेलं असतं.

जाड थर बाबांच्या डाव्या बाजूला होता. फोटोत ते अक्षर अंगठ्याखाली होतं.