मॅश, भरीत आणि साडेदहा कोटी

रात्री एक वाजून दहा मिनिटांनी मी आमच्या कॉलेजच्या क्विझ क्लबला एक संदेश पाठवला आणि होस्टेलात माझी जी काही इज्जत होती ती संपवली. जळगावच्या डिसेंबरात रात्री एक वाजता जागं राहायला कारण लागतं. अभ्यास हे कारण मला कधी पुरलेलं नाही, पण झालेला अन्याय पुरतो.

संध्याकाळच्या क्विझमध्ये मालिकांवर एक फेरी होती. प्रश्न आला : कोणत्या मालिकेच्या शेवटच्या भागाने जगात सर्वाधिक प्रेक्षक मिळवण्याचा विक्रम केला? मी बझर दाबला आणि छाती काढून म्हणालो, "मॅश."

हॉल क्षणभर शांत. मग मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "बटाट्याचा?"

क्लबच्या सेक्रेटरी दादांनी शांतपणे कागद पाहिला. अधिकृत उत्तर : रामायण, 16 एप्रिल 2020, 7.7 कोटी प्रेक्षक. टाळ्या पडल्या. कुणीतरी 'जय श्रीराम' म्हणालं. आमचे पाच गुण गेले आणि आम्ही एका गुणाने हरलो. एवढ्यावर भागलं असतं तर मी झोपलो असतो. पण माझी नि रूममेटची पैज होती. हरणाऱ्याने भरीत पार्टी द्यायची, आणि तीही कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्यांची, कळण्याच्या पुऱ्यांसकट, पूर्ण मजल्याला. आमच्या मजल्यावर बावीस जण आहेत आणि भरीत म्हटलं की ते बावीसचे चाळीस होतात.

"जाऊ दे ना भो," रूममेट म्हणाला, "एक मार्कसाठे इतलं काय?"

हे तो बोलू शकतो. पुऱ्या त्याला खायच्या होत्या.

आता माझी बाजू ऐका. 'मॅश' ही अमेरिकन मालिका. कोरियाच्या युद्धातल्या फिरत्या लष्करी इस्पितळातल्या डॉक्टरांची. ते युद्ध तीन वर्षं चाललं, मालिका 1972 पासून 1983 पर्यंत, म्हणजे अकरा वर्षं. (आपल्याकडच्या सासू-सुनांनी एवढ्यात खचून जायचं कारण नाही.) तिचा शेवटचा भाग 28 फेब्रुवारी 1983 ला दाखवला, अडीच तासांचा. तो पाहिला 105.9 मिलियन लोकांनी. मी हे कुठून पाठ केलं हे विचारू नका, माणसाला काही ना काही व्यसन असतंच.

दूरदर्शनचा दावाही खोटा होता असं मी म्हणत नव्हतो. टाळेबंदीत 28 मार्च 2020 पासून रामायण पुन्हा सुरू झालं, सकाळी नऊ आणि रात्री नऊ. मी तेव्हा नववीत होतो आणि अमळनेरजवळच्या आमच्या गावात आजीपाशी अडकलो होतो. एप्रिलअखेर दूरदर्शनने जाहीर केलं की 16 एप्रिलला 7.7 कोटी लोकांनी रामायण पाहिलं आणि ही जगात सर्वाधिक पाहिली गेलेली करमणुकीची मालिका ठरली. पेपरात आलं, मोबाइलवर आलं, चावडीवर आलं. एवढ्या ठिकाणी आलेली गोष्ट क्विझच्या कागदावर येणारच.

पण प्रश्न होता शेवटच्या भागाचा! 16 तारीख गुरुवार होता. रामायण संपलं शनिवारी, 18 एप्रिलला, आणि 19 ला उत्तर रामायण सुरू झालं. हे मला गूगलच्या आधी आजीमुळे माहीत. राज्याभिषेक झाला तेव्हा तिने टीव्हीपुढे तांदूळ टाकले होते आणि दुसऱ्या दिवशी ते वेचायला मला बसवलं होतं. वेचता वेचता उत्तर रामायण लागलं, हा माझा पुरावा.

म्हणजे उत्तरात दोन घोटाळे. एक, 16 तारखेचा भाग शेवटचा नाही. दोन, तो शेवटचा धरला तरी आकडा मॅशपेक्षा कमी. हे मी व्यवस्थित, मुद्देसूद, नम्र भाषेत लिहिलं. "आदरणीय क्लब" अशी सुरुवात केली. शेवटी "चूभूद्याघ्या" लिहिलं. मधल्या ओळीत लिहिलं की मॅशचा शेवटचा भाग 105.9 कोटी लोकांनी पाहिला.

एक वाजून बारा मिनिटांनी सेक्रेटरी दादांची टिक निळी झाली. हो, तेही जागे होते. क्विझवाले झोपत नाहीत, फक्त डोळे मिटून प्रश्न काढतात.

उत्तर आलं : "1983 मध्ये अमेरिकेची लोकसंख्या सुमारे 23 कोटी होती. बाकीचे 82 कोटी कुठून आणले? व्हिएतनामहून?"

मी संदेश पुन्हा वाचला आणि थंडीत घाम फुटला म्हणजे काय होतं ते कळलं. मिलियन म्हणजे दहा लाख. दहा मिलियनांचा एक कोटी. 105.9 मिलियन म्हणजे 10.59 कोटी. शाळेत हे गणित येतं, बझरवर येतं, पण रात्री एक वाजता मिलियन आणि कोटी डोक्यात एकाच बाकावर बसतात. मी दहाने भागायचं विसरलो होतो आणि एका अमेरिकेच्या जागी साडेचार अमेरिका टीव्हीसमोर बसवल्या होत्या. असा आकडा आला की पहिलं काम म्हणजे देशाची लोकसंख्या शेजारी ठेवून बघायची. हे मला दादांच्या उत्तरानंतर सुचलं, हीच तर अडचण.

संदेश सर्वांसाठी डिलीट करायला गेलो. तोवर क्लबमधल्या तिघांनी त्याचा स्क्रीनशॉट काढून होस्टेलच्या ग्रुपवर टाकला होता. रूममेटने अंथरुणातूनच त्यावर हसणारे पाच चेहरे लावले. माझ्याच खोलीत, चार फुटांवरून.

दुसरा संदेश दीड वाजता. आता मी आकडा दुरुस्त केला आणि अक्कलहुशारीने पुरवणी जोडली : अमेरिकेतल्या टीव्ही असलेल्या शंभर घरांपैकी 60 घरांत त्या रात्री हाच कार्यक्रम चालू होता, आणि त्या वेळी ज्यांचे टीव्ही चालू होते त्यातल्या 77 टक्के घरांत.

दादा : "60 की 77? एक ठरव."

"दोन्ही, दादा. पहिला आकडा रेटिंग. त्यात बंद टीव्हीवालेही मोजतात. दुसरा शेअर. त्यात फक्त चालू टीव्हीवाले. आपल्या मेसला शंभर पोरं असतील आणि चाळीस जेवायलाच आली नाहीत, तर वाढलेल्या साठांपैकी किती जणांनी वांग्याची भाजी घेतली हा शेअर, आणि शंभरांपैकी किती जणांनी घेतली हे रेटिंग."

दादा : "77 आणि 7.7 बघून तुझा गोंधळ झालाय. झोप."

हा घाव खोल होता, कारण क्षणभर मलाही वाटलं की झाला असेल.

पण दादा अभ्यासू माणूस. पावणेदोनला त्यांनी खरा बाण काढला : "मॅशचा विक्रम 2010 मध्ये सुपर बोलने मोडला, 10.65 कोटी. मग तुझंही उत्तर चूक." हे बरोबर होतं. माझ्या पोटात गोळा आला. मग प्रश्न परत वाचला. 'मालिकेच्या शेवटच्या भागाने.' सुपर बोल हा फुटबॉलचा सामना आहे, त्यांच्या हाताने खेळायच्या फुटबॉलचा. सामन्याला शेवटचा भाग नसतो, फार तर शेवटचा क्वार्टर असतो. हे लिहिलं तेव्हा दोन मिनिटं निळं काही दिसेना.

मग आलं : "मॅश फक्त अमेरिकेत मोजला. प्रश्नात 'जगात' आहे."

"दादा, रामायणही फक्त भारतात मोजलं. आणि अमेरिका जगातच आहे."

यावर त्यांनी अंगठा लावला. सहीचा नव्हे, तो वेगळा. पसंतीचा.

मॅशचा तो भाग संपल्यावर न्यूयॉर्कमध्ये सगळे एकदम संडासला गेले आणि पाण्याचा वापर गगनाला भिडला, असा एक किस्सा आहे. तो संदेशात घालायचा मोह झाला होता. घातला नाही, कारण एक तर तो सांगोवांगीचा वाटतो, आणि दुसरं म्हणजे आमच्या मजल्यावर बावीस जणांत तीन संडास आहेत, तिथे हा विषय सकाळी सहानंतर विनोदाचा राहत नाही.

सकाळी क्लबच्या सरांनी निकाल दिला. 'शेवटच्या' हा शब्द कागदावर चुकून आला, मूळ प्रश्न 'एका भागाने' असा होता. तरीही 7.7 पेक्षा 10.59 मोठा असल्यामुळे अधिकृत उत्तर टिकत नाही. प्रश्न रद्द. कुणालाच गुण नाहीत. मी म्हणालो, सर, माझं उत्तर तर बरोबर होतं. सर म्हणाले, "रद्द झालेल्या प्रश्नाचं बरोबर उत्तर म्हणजे काय असतं रे?" सर तत्त्वज्ञान शिकवत नाहीत, थर्मोडायनामिक्स शिकवतात.

पैज कशी सोडवायची यावर मजल्याची बैठक बसली. पंच नेमला मेसवाल्या काकांना. त्यांनी दोन्ही बाजू ऐकल्या आणि एकच प्रश्न विचारला, "मॅश म्हणजे नेमकं काय?" रूममेट म्हणाला, "इंग्रजीत ठेचलेलं. बटाटा, नाहीतर वांगं." काका म्हणाले, "मग ते भरीतच झालं. दोघं मिळून द्या." असा निकाल कुठल्या कोर्टात लागला नसेल, पण अपील करायची माझी ताकद उरली नव्हती.

त्या रात्री आजीला फोन केला. 18 एप्रिलचे तांदूळ तिलाही आठवत होते. मग मी तिला 16 तारखेचा पराक्रम सांगितला, सात कोटी सत्तर लाख. ही संख्या घरोघर जाऊन मोजत नाहीत, काही निवडक घरांत टीव्हीला मीटर लावतात आणि त्यावरून देशाचा अंदाज बांधतात, हेही समजावलं. ती बराच वेळ गप्प होती.

"त्या रोज ते आपला गावमा लाईटच नव्हती रे," ती म्हणाली. "आपण दोन्ही वट्टावर बसेल व्हतूत. मंग त्या सात कोटीमा माले धरेल शे का?"