कुंडीवरची पांढरी पपडी आणि खायचा सोडा

"कुंडीतल्या मातीवर किंवा काठावर पांढरा थर दिसला की समजा बुरशी लागली. एक लिटर पाण्यात दोन चमचे खायचा सोडा घालून मुळाशी ओता. आठ दिवस पाणी निम्मं करा. वर नवीन माती पसरा. झाड हिरवंगार होईल. सगळ्यांना पाठवा."

हा निरोप फिरत फिरत मावशीकडे पोचला आणि सोड्याचा डबा कुंड्यांजवळ आला, म्हणून हे लिहायलाच हवं.

आधी बुरशीचं बघू. मातीवर कधीकधी खरंच पांढरी बुरशी येते, एवढं मान्य. सतत ओल्या राहणाऱ्या, पालापाचोळा किंवा कोकोपीट जास्त असलेल्या मातीवर ती दिसते आणि बहुतेक वेळा कुजक्या पाल्यावरच जगते, झाडाला काही करत नाही. पण ती कापसासारखी, तंतूंची असते. कुंडीच्या कोरड्या काठावर ती वाढत नाही. काठावरचा थर नखाने खरवडून बोटांत चोळा. खरखरीत लागला, बारीक वाळूसारखा मोडला, तर ते क्षार आहेत. शंका राहिली तर त्यावर व्हिनेगरचे दोन थेंब टाका. फसफसलं तर त्यात चुन्याचा अंश आहे, म्हणजे पाण्याचा जडपणा तिथे साठला आहे. फसफसलं नाही आणि पाण्यात विरघळलं, तर बहुधा खताचे किंवा दुसरे क्षार. बुरशी यातलं काहीच करत नाही.

हे क्षार येतात पाण्यातून आणि खतातून. एक साधा हिशेब करा. वीस सेंटीमीटर तोंडाच्या कुंडीत साधारण चार लिटर माती मावते. तिला दिवसाआड अर्धा लिटर पाणी दिलं आणि त्या पाण्यात लिटरमागे ४०० मिलिग्रॅम क्षार असतील, तर सहा महिन्यांत ४५ लिटर पाण्याबरोबर १८ ग्रॅम क्षार कुंडीत जातात. म्हणजे सुमारे तीन चमचे, आणि यात खत अजून धरलेलंच नाही. झाड पाणी पितं, त्यातले थोडेच क्षार घेतं. उरलेलं पाणी वाफ होऊन जातं आणि क्षार मागे राहतात. माती वातीसारखी पाणी वर ओढते, म्हणून ते वरच्या थरात जमतात. भाजक्या मातीच्या कुंडीची भिंतही पाणी ओढते आणि काठाला वारा सगळ्यात जास्त लागतो, म्हणून पांढरी कड तिथे आधी उमटते.

आता सोडा. या निरोपातला सगळ्यात घातक भाग हाच. मुळात क्षार जास्त झालेत आणि उपाय म्हणून आणखी एक क्षार ओतायचा! दोन चमचे म्हणजे साधारण दहा ग्रॅम सोडा, त्यातलं चौथ्या हिश्शाहून जास्त वजन सोडियमचं. मातीतलं पाणी जितकं खारट, तितकं मुळांना ते ओढून घेणं अवघड. माती ओली असूनही झाड मलूल दिसतं, पानांची टोकं आणि कडा तपकिरी होतात. शिवाय सोड्यातला बायकार्बोनेट मातीतल्या कॅल्शियमला पकडून त्याचा चुना करतो, म्हणजे पांढरा थर वाढतोच. कॅल्शियमची जागा सोडियम घेतं, चिकणमातीचे कण सुटे होतात, भेगा आणि छिद्रं बुजतात. मग पाणी वरच तळं करून थांबतं. सोड्याची फवारणी पानांवरच्या भुरी रोगासाठी करतात, तिथून हा समज आला असावा. पानावर हलका फवारा मारणं वेगळं, मुळाशी लिटरभर ओतणं वेगळं.

कुणी सोडा आधीच ओतला असेल तर माती वाळायच्या आत तिच्यातून भरपूर पाणी सोडून ती धुवून काढावी, आणि सुरुवातीला साधं जड पाणीच वापरावं. त्यातलं कॅल्शियम इथे उपयोगी पडतं. नुसतं पावसाचं पाणी चिकणमाती आणखी फोडतं. पाणी खाली उतरतच नसेल तर माती बदलणं सोपं.

"पाणी निम्मं करा" हेही उलटंच. घोटघोट पाणी दिलं की ते तळापर्यंत पोचत नाही, भोकातून काही बाहेर पडत नाही, आणि क्षार बाहेर जायला तेवढी एकच वाट असते. नव्या मातीने थर फक्त झाकला जातो. काही आठवड्यांत तो पुन्हा वर येतो.

धुवायचं कसं, याचा आधार जुना आणि पक्का आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याने १९५४ साली खारवट जमिनींवर 'हँडबुक ६०' काढलं. त्यातला ठोकताळा असा: मातीची जेवढी खोली, तेवढ्या उंचीचं पाणी तिच्यातून गेलं की सुमारे ८० टक्के क्षार निघतात, दुप्पट गेलं की सुमारे ९० टक्के. तो शेतासाठी होता, पण कुंडीला 'दुप्पट पाणी' हे माप त्याच्याशी जुळतं. आपल्या चार लिटरच्या कुंडीला आठ लिटर.

आधी वरची पपडी चमच्याने काढा, अर्ध्या सेंटीमीटरहून खोल जाऊ नका, नाहीतर बारीक मुळं तुटतात. खालची भोकं काडीने मोकळी करा, ताटली बाजूला काढा, कुंडी विटांवर ठेवा. पहिलं एक लिटर सावकाश घाला आणि पंधरावीस मिनिटं थांबा, म्हणजे क्षार विरघळतील आणि वाळून आकसलेली माती फुगेल. ही पायरी टाळली तर पाणी माती आणि भिंतीमधल्या फटीतून सरळ खाली पळतं. पाणी वाहिलेलं दिसतं पण माती धुतलीच जात नाही. मग उरलेलं सात लिटर एकेक लिटर करून, आधीचं निथळल्यावर घाला.

काम झालं का, हे पपडीकडे बघून ठरवू नका. चुना साध्या पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तो थोडा राहणारच, आणि मुळांना जाळणारा तो नव्हे. खालून निघणारं पाणी तपासा. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं टीडीएस मीटर असेल तर पहिल्या आणि शेवटच्या लिटरचा आकडा घ्या. शेवटचा आकडा तुम्ही घातलेल्या पाण्याच्या जवळ आला पाहिजे. मीटर नसेल तर दोन्हींचा एकेक चमचा काळ्या ताटलीत वाळू द्या. पहिल्याचा डाग जाड आणि पांढरा, दुसऱ्याचा पुसट दिसला तर धुणं साधलं.

धुताना चांगली पोषकद्रव्यंही जातात, म्हणून दोनतीन आठवड्यांनी अर्ध्या मात्रेत खत सुरू करा, लगेच नाही. पुढे दर वेळी दिलेल्या पाण्याचा दहावा हिस्सा तरी खालून निघू द्या आणि ताटलीतलं पाणी अर्ध्या तासात फेका, नाहीतर माती तेच क्षार परत ओढते. आरओ यंत्रातून बाहेर टाकलेलं पाणी कुंडीत घालू नका, त्यात क्षार एकवटलेले असतात. पूर्ण धुणं चारसहा महिन्यांनी पुरतं.

काठासाठी पाणी आणि व्हिनेगर समप्रमाणात घेऊन ब्रशने घासा आणि स्वच्छ धुवा, मातीत मात्र ते जाऊ देऊ नका. कुंडीच्या बाहेरचा पांढरेपणा नुसता दिसायला वाईट. आतली कड मात्र साफ ठेवाच, कारण आफ्रिकन व्हायोलेटसारख्या झाडांचे मऊ देठ त्या खाऱ्या कडेवर टेकतात आणि नेमके टेकल्या जागी कुजतात.