पैसे दोनदा कापले गेले तर गप्प बसायचं का?

एक मेसेज बरेच जण फॉरवर्ड करतात: “ऑनलाइन ऑर्डरचे पैसे दोनदा कापले गेले तर घाबरू नका. दुसरी रक्कम नुसती पेंडिंग असते. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ती पाच दिवसांत आपोआप परत येते आणि उशीर झाला तर दिवसाला शंभर रुपये मिळतात. मध्येच तक्रार केली तर उलट रिफंड अडकतो.”

दुसरी रक्कम नुसती पेंडिंग असते, हे विधान क्रेडिट कार्डापुरतं, आणि तेही कधीकधीच, खरं ठरतं. कार्डाचं पेमेंट दोन टप्प्यांत होतं. ओटीपी टाकल्यावर बँक मंजुरी देते आणि तेवढी मर्यादा अडवून ठेवते. याला ऑथोरायझेशन म्हणतात. दुकानदाराने ती रक्कम प्रत्यक्ष मागितली की मगच ती खर्च म्हणून खात्यावर चढते. त्याने मागितलीच नाही तर अडवलेली मर्यादा काही दिवसांनी सुटते. एसएमएस मात्र मंजुरीच्या क्षणीच येतो, त्यामुळे दोन एसएमएस आले म्हणून दोनदा पैसे गेले असं ठरत नाही. आणि गेले नाहीत असंही ठरत नाही.

समजा कार्डाची मर्यादा ६०,००० आहे आणि मागची बाकी शून्य. २,३४० रुपयांची ऑर्डर देताना पान अडकलं, तुम्ही पुन्हा ‘पे’ दाबलं, ऑर्डर एकच नोंदली गेली. उपलब्ध मर्यादा ५५,३२० दिसते, म्हणजे दोन्ही मंजुऱ्या लागल्या आहेत. इथे बहुतेकांची नजर अडकते, पण बघायचा आकडा दुसराच आहे. दोन-तीन दिवसांनी खात्यावर चढलेली बाकी २,३४० असेल आणि मर्यादा अजून ५५,३२० असेल, तर एक रक्कम नुसती अडवलेली आहे. बाकी ४,६८० झाली असेल, तर दोन्ही पेमेंटं पूर्ण झाली.

काही ॲपमध्ये एकच पेमेंट आधी पेंडिंग आणि मग चढलेलं असं थोडा वेळ दोन ओळींत दिसतं. तेव्हा कस्टमर केअरला दोन्ही नोंदींचा ऑथोरायझेशन कोड विचारा. तो एकच असेल तर पेमेंट एकच आहे. वेगळे असतील तर मंजुऱ्या दोनदा घेतल्या गेल्या.

यूपीआयने नेहमीसारखं पेमेंट करताना असा टप्पा नसतोच. पिन टाकला की पैसे खात्यातून जातात. तिथे ‘पेंडिंग’ म्हणजे रक्कम राखून ठेवलेली नसते, व्यवहाराचा निकाल अजून कळलेला नसतो. दोन नोंदी, दोन्हींवर ‘सक्सेस’ आणि दोन वेगळे १२ आकडी यूटीआर, म्हणजे व्यवहाराचे संदर्भ क्रमांक, असतील, तर पैसे दोनदा गेले आहेत.

आता तो रिझर्व्ह बँकेचा नियम. २० सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक खरं आहे, पाच दिवस आणि शंभर रुपयेही खरे आहेत. फॉरवर्ड करणारे एक शब्द तेवढा गाळतात: हा नियम *अयशस्वी* व्यवहारांसाठी आहे. खात्यातून पैसे गेले आणि दुकानदाराला ते मिळाल्याची खबर पोचली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते आपोआप उलटवायचे असतात. तुमची दोन्ही पेमेंटं दुकानदाराला पोचली असतील तर बँकेच्या हिशेबी दोन्ही यशस्वी आहेत. आपोआप उलटवायला काही उरतच नाही. जादाचे पैसे दुकानदाराच्या बाजूला पडलेले असतात आणि रिफंड त्यानेच सोडावा लागतो. काही दुकानांची यंत्रणा एका ऑर्डरवर आलेलं दुसरं पेमेंट स्वतःहून ओळखून परत करते, पण त्यावर भिस्त ठेवू नये.

तक्रारीने रिफंड अडकतो, यात अर्धं तथ्य आहे. पेंडिंग नोंदीवर बँक वाद नोंदवून घेत नाही, ती खात्यावर चढेपर्यंत थांबावं लागतं. शिवाय दुकानदाराला न विचारता थेट बँकेत चार्जबॅक, म्हणजे बँकेमार्फत पैसे परत मागण्याचा अर्ज, टाकला आणि तिकडून रिफंडही आला, तर एक रक्कम पुन्हा वसूल होते आणि घोळ वाढतो. म्हणून आधी दुकानदाराला ईमेल करा. ऑर्डर क्रमांक एक, त्यासमोर दोन्ही पेमेंटांचे संदर्भ क्रमांक, तारीख, वेळ, रक्कम. “पैसे दोनदा कापले” एवढंच लिहिलं तर त्यांना एक ऑर्डर आणि एक पेमेंट दिसतं आणि “आमच्याकडे सगळं बरोबर आहे” असं उत्तर येतं. दुसऱ्या पेमेंटचा क्रमांक दिला की शोधाशोध सुरू होते.

रिफंड दिला असं ते म्हणाले तर कार्डासाठी २३ आकडी एआरएन हा संदर्भ क्रमांक आणि यूपीआयसाठी यूटीआर मागा. त्यावरून बँक रक्कम शोधू शकते. क्रमांक देता येत नसेल तर रिफंड बहुधा अजून निघालेलाच नाही.

दुकानदार दाद देत नसेल तर बँकेत वाद नोंदवा, कारण म्हणून ‘डुप्लिकेट प्रोसेसिंग’ सांगा. त्याला मुदत असते. व्हिसाच्या नियमांत अशा वादासाठी सर्वसाधारणपणे व्यवहारावर प्रक्रिया झाल्यापासून १२० दिवस मिळतात, पण बँकेला कागदपत्रं त्याआधीच हवी असतात. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वरून तक्रार करता येते.