पंचवीस थ्रेड लावून पत्ते लवकर सापडत नाहीत

«जिओकोडिंग स्लो वाटतंय? २५ थ्रेड लावा. 429 आला की लगेच रीट्राय करा. कॅशच्या भानगडीत पडू नका, पत्ते बदलत असतात. हजारो पत्ते पाच मिनिटांत होतात.»

जिओकोडिंगसाठी, म्हणजे पत्त्यावरून अक्षांश-रेखांश शोधण्यासाठी, दिला जाणारा हा सल्ला चुकीचा आहे. थ्रेडचं आधी. नॉमिनॅटिम या ओपनस्ट्रीटमॅपच्या पत्ते शोधणाऱ्या सेवेच्या सार्वजनिक सर्व्हरची मर्यादा सेकंदाला एक रिक्वेस्ट आहे, आणि ती तुमच्या अख्ख्या ॲपला मिळून. मोठी यादी एकाच थ्रेडने चालवायची, हेही त्यांनी स्पष्ट लिहिलंय. थ्रेड वाढवले की ‘फार रिक्वेस्ट झाल्या’ सांगणारे 429 चे नकारच लवकर येतात, आणि पुढे ब्लॉक होण्याची पाळी येते. हा सर्व्हर देणग्यांवर चालतो, त्यामुळे त्याच्यावर विनाकारण पडलेला भार मला खरंच खटकतो.

वेळ वाचतो तो कॅशमध्ये. समजा १२,००० ओळींची यादी आहे. त्यात तोच पत्ता कुठे जादा स्पेस घालून, कुठे शेवटी स्वल्पविराम देऊन पुन्हा आलेला असतो. देवनागरीत आणखी एक गोम आहे: ‘ऱ’ हे एकच अक्षर म्हणून टाइप होतं, तसंच ‘र’ला नुक्ता जोडूनही. दिसायला सारखं, पण कॅशच्या लेखी दोन वेगळे पत्ते. म्हणून कॅशची की बनवताना एवढं करा:

```python
s = unicodedata.normalize("NFC", addr)
key = " ".join(s.casefold().split()).strip(" ,")
```

यातून ७,२०० वेगळे पत्ते उरले, तर सेकंदाला एक या हिशोबाने बरोबर दोन तास. दुसऱ्या दिवशी ३०० नवे आले, तर खरोखरच पाच मिनिटं.

पत्ते बदलतात हे खरं, पण इमारती रोज जागा सोडत नाहीत. नॉमिनॅटिम तर निकाल साठवायलाच सांगतं. गूगलचे नियम वेगळे आहेत: अक्षांश-रेखांश ३० दिवसांपर्यंतच ठेवता येतात, `place_id` मात्र कायम. म्हणून प्रत्येक नोंदीसोबत सेवेचं नाव आणि तारीख ठेवा.

सगळ्यात घातक सल्ला रीट्रायचा. लगेच पुन्हा पाठवलेली रिक्वेस्टही मर्यादेतच मोजली जाऊ शकते, मग 429 थांबतच नाहीत. उत्तरात `Retry-After` हेडर असेल तर तेवढं थांबा. नसेल तर २, ४, ८ सेकंद असं वाढवत जा.

आमच्या एका कामात याहून वाईट झालं होतं. रीट्राय संपले की कोड रिकामं उत्तर परत द्यायचा आणि ते ‘पत्ता सापडला नाही’ म्हणून कॅशमध्ये जायचं. पुढचे कितीतरी दिवस चांगले पत्ते नकाशावर आलेच नाहीत. ओळखायची खूण सोपी आहे: न सापडलेले पत्ते यादीभर विखुरलेले असतात. एका ओळीपासून पुढे सलग सगळेच रिकामे दिसले, तर दोष पत्त्यांचा नाही. सर्व्हरने 200 देऊन रिकामी यादी पाठवली तरच ‘सापडला नाही’ असं साठवा, आणि तेही थोड्या दिवसांपुरतं. नकाशात भर पडत असते, तो पत्ता पुढच्या महिन्यात सापडू शकतो. 429 आणि टाइमआउट कॅशमध्ये जाताच कामा नयेत. ते पत्ते पुन्हा रांगेत टाका.